‘हे तर त्यातच येतं ना?’ : वाढीव काम आणि अडकलेले ४० टक्के

प्रश्न : आम्ही दोघं मिळून वेबसाइट बनवून देतो. एका प्रशिक्षण संस्थेचं काम ठरावीक रकमेवर घेतलं आहे. करारात ‘१२ पानांची वेबसाइट, ऑनलाइन नोंदणीचा फॉर्म, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, मुदत १० आठवडे’ एवढंच आहे. आमचा अंदाज २६० तासांचा होता; दोघं मिळून आठवड्याला साधारण ३० तास या कामाला देतो. सातवा आठवडा आत्ताच संपला. मध्यंतरी त्यांनी फोटो गॅलरी, शिक्षकांच्या ओळखीचं पान, छापता येईल असं वेळापत्रक आणि मुख्य पानाच्या डिझाइनची तिसरी फेरी अशा गोष्टी मागितल्या. आम्ही गप्पपणे करून दिल्या, त्यात २४ तास गेले. आता म्हणतात, नोंदणी झाली की विद्यार्थ्याला मेल जायला हवा, ऑनलाइन फी भरता यायला हवी आणि सगळी साइट दुसऱ्या भाषेतही हवी. ‘हे तर त्यातच येतं ना?’ असं वर. ४० टक्के रक्कम ‘काम पूर्ण झाल्यावर’ मिळायची आहे, त्यामुळे नाही म्हणायची भीती वाटते. काय उत्तर द्यावं?

उत्तर :

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य शेवटून दुसरं आहे. २४ तास गेले ते गेले, तो फार मोठा घाव नाही. पण ४० टक्के रक्कम ‘काम पूर्ण झाल्यावर’ मिळणार असेल आणि काम म्हणजे काय हेच दर आठवड्याला बदलत असेल, तर ती रक्कम दर आठवड्याला थोडी थोडी लांब सरकते आहे. वाढीव कामाचा खरा फटका तिथे बसतो. म्हणून मी जे सांगणार आहे त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे : वाढीव काम मूळ कामात मिसळू द्यायचं नाही. त्याचा कागद वेगळा, तारीख वेगळी, बिल वेगळं.

पण क्लायंटशी बोलण्याआधी तासभर करारनामा समोर घेऊन बसा आणि त्यांच्या प्रत्येक मागणीला प्रामाणिकपणे विचारा, ही खरंच बाहेरची आहे का? अंदाज काढताना आपण हे धरलं होतं का, असा प्रश्न विचारू नका. तुमचा अंदाजाचा तक्ता क्लायंटने पाहिलेला नसतो, त्याच्यासमोर फक्त करारातली ओळ असते. तेव्हा दोनच गोष्टी तपासायच्या. कागदावर काय लिहिलं आहे, आणि ती ओळ वाचून एखाद्या समंजस माणसाने काय गृहीत धरलं असतं.

या कसोटीवर तुमची यादी लावून बघा. नोंदणी झाल्यावर विद्यार्थ्याला मेल जाणं हे माझ्या मते ‘ऑनलाइन नोंदणीचा फॉर्म’ यातच येतं. फॉर्म भरला आणि पुढे काहीच कळलं नाही, असा फॉर्म कोणी विकत घेत नाही. तुम्ही ते धरलं नसेल तर ती तुमची चूक आहे. तीन-एक तास लागतील, करून टाका आणि ते वाढीव काम म्हणून दाखवू नका. शिक्षकांच्या ओळखीचं पान मात्र अधलं-मधलं आहे. करारात बारा पानांची नावं दिली होती का? दिली असतील तर हे तेरावं पान. नुसता ‘१२’ हा आकडा असेल, तर क्लायंट म्हणेल की बारांतच हे एक होतं, आणि त्याचं म्हणणं खोडून काढायला तुमच्याकडे काही नाही. मुख्य पानाची तिसरी फेरीही तशीच. ‘फेरी’ म्हणजे काय हे लिहिलं नसेल, तर त्यांच्या लेखी रोज फोनवर सांगितलेली एकेक दुरुस्ती मिळून अजून पहिलीच फेरी चालू असू शकते. फोटो गॅलरी, छापायचं वेळापत्रक, फी भरणं आणि दुसरी भाषा या गोष्टी स्पष्टपणे बाहेरच्या आहेत. त्यांचा करारातल्या एकाही शब्दाशी संबंध नाही.

ही चाळणी एवढ्यासाठी लावायची की बोलताना तुमच्या यादीत एकही लंगडी गोष्ट नको. दहा मागण्यांना ‘बाहेरचं’ म्हणालात आणि त्यातली एक जरी क्लायंटने ‘हे बघा, इथे लिहिलंय’ म्हणून दाखवली, तर उरलेल्या नऊंवरचा त्याचा विश्वासही उडतो. संदिग्ध गोष्टींचा भार आपण घ्यायचा. करार आपण लिहिला, मोघम आपण ठेवला, तेव्हा त्याची किंमतही आपलीच.

(एक गोष्ट जाता जाता. बिघाड आणि बदल यांत गल्लत करू नका. गॅलरी मोबाइलवर नीट उघडत नाही, ही तक्रार आहे; गॅलरीत व्हिडिओही हवेत, ही नवी मागणी आहे. मनात राग साचला की दोन्ही सारखंच वाटायला लागतं, आणि मग माणूस स्वतःच्याच चुका दुरुस्त करायचे पैसे मागतो. असे लोक मी पाहिले आहेत.)

आता दोन मोठ्या मागण्यांचे तास काढू. इथे घाई करू नका, कारण ‘छोटंसंच आहे’ हे वाक्य क्लायंटइतकंच आपणही स्वतःला ऐकवत असतो.

दुसऱ्या भाषेतली साइट ही गोगलगाय आणि पोटात पाय. क्लायंटला वाटतं, भाषांतर आम्हीच देणार, तुम्ही फक्त चिकटवायचं. प्रत्यक्षात आधी दोन भाषांची रचना उभी करावी लागते : पत्ते कसे असतील, भाषा बदलायचं बटण कुठे, एका पानावरून त्याच पानाच्या दुसऱ्या रूपाकडे कसं जायचं. याला ८ तास धरा. मग बारा पानं. मजकुराची लांबी बदलली की बटणं फुटतात, शीर्षकं दोन ओळींवर जातात. पानामागे दीड तास धरला तर १८ तास. फॉर्ममधल्या सूचना, चूक झाल्यावर दिसणारे संदेश, आपोआप जाणारे मेल, तारखा लिहिण्याची पद्धत यांना ६. तपासणीला ५. झाले ३७. भाषांतर कधीच एकगठ्ठा येत नाही, चार तुकड्यांत येतं आणि त्यातला एक तुकडा जुना असतो. या पाठपुराव्याचे ६ तास. एकूण ४३. शिवाय पुढची प्रत्येक दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागणार. हे तासांत मांडता येत नाही, पण क्लायंटला सांगितलंच पाहिजे.

फी भरण्याचं काम उलट्या प्रकारचं आहे. सरळ रस्ता लवकर होतो : बटण दाबलं, पेमेंट कंपनीचं पान उघडलं, पैसे गेले, ‘धन्यवाद’ आलं. वेळ खातात ते वाकडे रस्ते. विद्यार्थ्याने पैसे भरले आणि परत आपल्या साइटवर येण्याआधीच फोन बंद पडला. पैसे कापले गेले, पण आपल्याकडे नोंदणी नाही. म्हणून ब्राउझर परत येण्यावर विसंबता येत नाही. पेमेंट कंपनीकडून आपल्या सर्व्हरला थेट येणाऱ्या संदेशावरून नोंद पक्की करावी लागते, आणि तो संदेश दोनदा आला तर दोन नोंदी होऊ नयेत याचीही काळजी घ्यावी लागते. मग पावती, मग परतावा. सगळं धरून ३३ तास मला ठीक वाटतात. यात एक गोष्ट तुमच्या हातात नाहीच : पेमेंट कंपनीकडे संस्थेचं खातं उघडणं आणि कागदपत्रांची पडताळणी. ते संस्थेलाच करावं लागतं आणि त्याला किती दिवस लागतील हे तुम्ही सांगू शकत नाही.

म्हणजे नवं काम ७६ तासांचं. आता ते तुमच्या मुदतीवर ठेवून पाहा. दहा आठवडे गुणिले ३० तास म्हणजे ३०० तास हातात होते, अंदाज २६० चा, म्हणजे तुम्ही ४० तासांची ऐसपैस जागा ठेवली होती. शहाणपणाचं होतं ते. सात आठवड्यांत २१० तास गेले, त्यातले २४ वाढीव कामात. म्हणजे मूळ कामाचे १८६ झाले, ७४ उरले. पुढच्या तीन आठवड्यांत ९० तास आहेत. ऐसपैस जागा ४० वरून १६ वर आली. हे २४ तास कुठून गेले ते आता दिसलं ना? नफ्यातून जाण्याआधी ते तुमच्या सुरक्षिततेतून गेले. नोंदणीच्या मेलला ३ दिले की राहिले १३. आता त्यात ७६ बसवा : ६३ तास कमी पडतात, म्हणजे दोन आठवड्यांहून थोडं जास्त, आणि तेही काहीही बिघडणार नाही असं धरून. प्रामाणिक उत्तर तीन आठवडे.

हा हिशेब क्लायंटसमोर मांडायचा नाही. तो तुमच्या पाठीच्या कण्यासाठी आहे. बोलताना आवाज डळमळतो तो बहुतेक वेळा आकडा माहीत नसल्यामुळे.

आता उत्तर. आधी फोन, मग त्याच दिवशी मेल. नुसती मेल पाठवली तर ‘हे करारात नाही’ हे शब्द वकिलाच्या नोटिशीसारखे वाचले जातात. नुसता फोन केला तर महिन्याभराने दोघांच्या आठवणी वेगळ्या. आणि फोन निर्णय घेणाऱ्या माणसालाच करा. अशा संस्थांत मागण्या तीन-चार जणांकडून येतात. कार्यालयातला एक जण व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो, शिक्षकांपैकी कोणी त्यात भर घालतो, आणि ज्याने करारावर सही केली त्याला यातलं निम्मं माहीतही नसतं. कित्येकदा सही करणाऱ्या माणसाला तास आणि तारीख सांगितली की तोच म्हणतो, ‘हे कोणी मागितलं?’ अर्धं काम तिथेच संपतं.

फोनवर सुरुवात पैशांनी करू नका आणि ‘करार’ या शब्दानेही नको. तारखेने करा. पैसे मागणं म्हणजे तुमचा स्वार्थ वाटतो, तारीख मात्र दोघांचीही असते. साधारण असं :

‘मॅडम, साइट ठरल्या तारखेला सुरू होईल असं काम चाललंय. विद्यार्थ्यांना मेल जायचं म्हणालात, ते मी त्यातच करून देतो. फी आणि दुसरी भाषा या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या मूळ कामात धरलेल्या नाहीत. दोन्ही आत्ता घेतल्या तर साइट सुरू व्हायला तीन आठवडे उशीर होईल. म्हणून तुम्हाला विचारतो, तुमच्यासाठी काय जास्त महत्त्वाचं आहे, तारीख की या दोन गोष्टी?’

आणि मग गप्प बसा. हे अवघड जातं. आपण शांतता भरून काढायला म्हणून स्वतःच सूट द्यायला लागतो. ‘नाही, म्हणजे बघू, ॲडजस्ट करू काहीतरी’ हे वाक्य माझ्या तोंडून किती वेळा गेलं असेल आणि मला किती महागात पडलं असेल, याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

तुमच्या बोलण्यात ‘नाही’ हा शब्द कुठेच येत नाही, हे लक्षात आलं असेल. क्लायंटसमोर तीन वाटा ठेवायच्या आणि निवड त्याने करायची. पहिली : आत्ताच करू, जादा रक्कम आणि तीन आठवडे उशीर. दुसरी : मूळ कामातलं तेवढ्याच वजनाचं काही काढून त्याजागी यातलं एक बसवू, तेही अजून सुरू न केलेल्या कामातलं. तिसरी : साइट ठरल्या तारखेला सुरू करू आणि या गोष्टी दुसऱ्या टप्प्यात, वेगळ्या कागदावर घेऊ. तुमच्या जागी मी असतो तर तिसऱ्या वाटेकडे हळूच ढकललं असतं, त्याचं कारण पुढे येतंच. दुसरी वाट तुमच्याबाबतीत जवळपास बंद आहे, कारण ७४ तासांचंच काम उरलंय आणि त्यातलं बहुतेक जोडणी-तपासणीचं असणार. तरीही ती बोलून दाखवा. निवडायला काहीतरी असलं की माणूस अडवल्यासारखा वागत नाही.

‘हे तर त्यातच येतं ना?’ हा प्रश्न आलाच तर वाद घालू नका, ओळ वाचून दाखवा. ‘आपण लिहिलंय, ऑनलाइन नोंदणीचा फॉर्म. नोंदणी आणि तिचा मेल मी यातच धरतोय. पैसे भरणं ही वेगळी यंत्रणा आहे, त्यात दुसरी एक कंपनी येते आणि त्यांच्याकडे तुम्हाला खातं उघडावं लागतं.’ तुम्ही स्वतःहून मेल त्यात धरल्याचं सांगितलं की उरलेल्याबद्दलचं तुमचं म्हणणं ऐकलं जातं. संदिग्ध गोष्ट सोडून दिल्याचा फायदा इथे मिळतो.

फोननंतर मेल. लांबलचक नको. मी अशी लिहीन :

> नमस्कार मॅडम,
>
> आज बोलल्याप्रमाणे.
>
> ठरलेलं काम : १२ पानं, नोंदणीचा फॉर्म आणि त्याचा मेल. हे दहाव्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण करून देत आहोत.
>
> आतापर्यंत केलेलं वाढीव काम : फोटो गॅलरी, छापता येणारं वेळापत्रक. यासाठी वेगळी रक्कम आकारलेली नाही.
>
> नवं काम १ : ऑनलाइन फी. ३३ तास. पेमेंट कंपनीकडचं खातं संस्थेने उघडायचं आहे. ते सुरू झाल्यावर आमचे दोन आठवडे.
>
> नवं काम २ : दुसऱ्या भाषेतली साइट. ४३ तास. सगळं भाषांतर एकत्र मिळाल्यावर दोन आठवडे. पुढच्या दुरुस्त्यांचं काम दोन्ही भाषांत करावं लागेल.
>
> दोन्हींची रक्कम सोबतच्या कागदावर आहे. निम्मी रक्कम सुरुवातीला, निम्मी काम दिल्यावर. आपला लेखी होकार आल्यावर काम सुरू करू. तोवर ठरलेलं काम ठरल्या वेळेत चालूच राहील.

या मेलमधल्या दोन ओळींवर थोडं थांबतो, कारण त्यांच्यावरून माझे सहकारीही माझ्याशी भांडले आहेत.

पहिली, ‘वेगळी रक्कम आकारलेली नाही’. झालेल्या कामाचे पैसे मागायचे का? माझं मत स्पष्ट आहे : नाही. क्लायंटला नाही म्हणायची संधीच मिळाली नव्हती. तुम्ही आधी आकडा सांगितला असता तर कदाचित तो म्हणाला असता, राहू द्या गॅलरी. आता करून झाल्यावर बिल देणं म्हणजे न मागवलेल्या वस्तूचे पैसे मागणं, असं त्याला वाटेल, आणि त्याचं फारसं चुकतही नाही. मी हे स्वतः भोगलंय. एका कामात सहा महिने सगळ्याला हो म्हणत गेलो, मनात मात्र एक वही चालू होती. शेवटच्या बिलात ती वही ओतली, ४० तासांची. क्लायंटने वाढीव बिल फेटाळलंच, पण त्या वादात माझा खरा हक्काचा शेवटचा हप्ताही चार महिने अडकून पडला. त्या माणसाला मी तेव्हा खूप नावं ठेवली. आज त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

मग शून्य रकमेचं काम लिहायचं तरी कशाला? कारण लिहिलं नाही तर ते मूळ करारात विरघळून जातं. चार गोष्टी फुकट झाल्या की पाचवीही फुकट असते, हा क्लायंटचा समज तुम्हीच घडवलेला आहे. नोंद केली की एक रेघ ओढली जाते : हे बाहेरचं होतं, आम्हाला माहीत होतं, या वेळी सोडलं. शिक्षकांचं पान आणि मुख्य पानाची तिसरी फेरी मी त्या यादीत मुद्दाम घातलेली नाही. ती संदिग्ध होती, आपण गिळली, विषय संपला.

बांधकामाच्या धंद्याने हा धडा फार पूर्वी शिकून कागदावर आणला आहे. तिथे आंतरराष्ट्रीय कामांत ‘फिडिक’ या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे करारनमुने सर्रास वापरतात. त्यांच्या ‘लाल पुस्तक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९९९ च्या नमुन्यात अट आहे की कंत्राटदाराला जादा रक्कम किंवा जादा मुदत मागायची असेल, तर ज्या घटनेमुळे ती मागायची ती कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांच्या आत त्याने नोटीस द्यायची. न दिल्यास त्याचा दावा जातो. काम खरंच जादा केलं होतं का, हा पुढचा प्रश्न. आधी वेळेत सांगितलं होतं का. आपल्या छोट्या करारांत अशी अट नसते, पण तर्क तोच लागू पडतो. मी स्वतःसाठी २८ दिवसांऐवजी एक दिवस धरतो. नवी मागणी आली की चोवीस तासांत ‘हे नवं आहे, तास कळवतो’ एवढी तरी ओळ जातेच.

दुसरी ओळ, ‘तोवर ठरलेलं काम ठरल्या वेळेत चालूच राहील’. चिडून मूळ काम थांबवायचा मोह होतो. करू नका. मूळ काम वेळेत देणं हीच तुमची ताकद आहे. ते थांबवलंत तर करार मोडणारे तुम्ही ठरता आणि वाढीव कामाचा विषय बाजूलाच पडतो.

आता ४० टक्क्यांकडे. ‘काम पूर्ण झाल्यावर’ याचा अर्थ आज मोकळा आहे, तो तुम्हीच भरून टाका. मूळ कामाची एका पानाची यादी करा : बारा पानांची नावं, फॉर्म, मेल, कोणत्या ब्राउझरवर आणि फोनवर तपासलं. नववा आठवडा सुरू होताना ती क्लायंटला पाठवा आणि लिहा की या यादीप्रमाणे आम्ही काम हाती देणार आहोत, ते मिळाल्यावर तपासून सात दिवसांत त्रुटी कळवा, त्या दूर केल्या की शेवटचा हप्ता देय होईल. सहीची वाट पाहू नका; मेलला ‘ठीक आहे’ एवढं उत्तर आलं तरी पुरतं. यादी वादात नसलेल्या वेळी पाठवली तर कोणी हरकत घेत नाही. फी आणि दुसरी भाषा यांच्यावर गाडी अडल्यावर पाठवलीत, तर प्रत्येक ओळीवर घासाघीस होईल.

तिसरी वाट मला का आवडते तेही यातच आलं. साइट आधी सुरू झाली, मूळ हप्ता मिळाला, की दुसरा टप्पा हा नवा सौदा होतो आणि तुम्ही त्यात मोकळ्या मनाने बोलू शकता. पहिली वाट निवडली गेली तर मात्र जास्त सावध राहा. कोडमध्येसुद्धा वाढीव काम वेगळ्या शाखेत ठेवा. एकदा दुसऱ्या भाषेची रचना मूळ पानांत घुसली की ‘मूळ साइट तयार आहे’ असं दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही. भाषांतर अडलं की सगळंच अडतं, आणि त्याबरोबर ४० टक्केही. पहिल्या वाटेतही मूळ साइट दहाव्या आठवड्यात स्वतंत्रपणे दाखवता आली पाहिजे, ही अट सोडू नका.

एक उत्तर असं येईल ज्याची तयारी हवी : ‘तुम्ही सुरू तर करा, पैशांचं नंतर बघू, आपले संबंध काय एवढ्यापुरते आहेत का?’ बहुतेक वेळा हे माणूस लबाडीने म्हणत नाही. त्याला वरून मंजुरी घ्यायची असते आणि ते टाळायचं असतं. तेव्हा त्याला मंजुरी घ्यायला मदत करा. ‘मी दोन ओळींचा कागद करून देतो, तुम्ही तो पुढे पाठवा, होकार आला की त्याच दिवशी सुरू करतो.’ काम मात्र तोवर हातात घ्यायचं नाही, ‘जरा पाया घालून ठेवू’ म्हणूनही नाही. त्या पायावरच पुढची इमारत फुकट चढते.

आणि क्लायंट ठामपणे म्हणाला की फी भरणं करारात येतंच, नाहीतर हप्ता देणार नाही? असं क्वचित होतं, पण होतं. त्या वेळी दोन गोष्टी मोजा : तुमचा ४० टक्के हप्ता आणि ३३ तास. हप्ता किती तासांच्या कामाएवढा होतो ते काढा. २६० चे ४० टक्के म्हणजे १०४ तास. एवढ्यासाठी मी काही देऊ करीन, पण पूर्ण फी-यंत्रणा नाही. उदाहरणार्थ, पेमेंट कंपनीच्या तयार पानाचा दुवा साइटवर लावून देणं आणि नोंद हाताने जुळवायची संस्थेने. चार-पाच तासांचं काम, त्यांची आजची गरज भागते, आणि बदल्यात तुम्ही मागायचं ते त्या यादीवर लेखी ‘मान्य’. सवलत द्यायची तर ती मोफत देऊ नका, तिच्या बदल्यात शेवटची रेघ पक्की करून घ्या. तयार दुव्याने भागतंय असं दिसल्यावर पूर्ण यंत्रणेची मागणीच मागे पडलेली मी पाहिली आहे.

छोट्या गोष्टींवर फार कडक होऊ नका. अर्ध्या तासाच्या आतलं काम मी करून देतो, फक्त उत्तरात लिहितो, ‘केलं, हे यादीबाहेरचं होतं.’ एका कामात अशा सवलतीचे चार-पाच तास मी आधीच अंदाजात धरतो. आणि स्वतःकडेही पाहा. गॅलरी त्यांनी मागितली होती की तुम्ही ‘इथे गॅलरी छान दिसेल’ म्हणालात? आपल्या हौसेने भर घालायची आणि मग क्लायंट वाढवतो म्हणायचं, हेही चालतं आपल्या धंद्यात.

पुढच्या करारात चार ओळी जास्त लिहा. पानांची नावं. फेरी म्हणजे सगळ्या दुरुस्त्या एकत्र, एका मेलमध्ये. यात न येणाऱ्या गोष्टी : दुसरी भाषा, फी भरणं, मजकूर लिहिणं, छायाचित्रं. आणि वाढीव कामाचा तासाचा दर. शेवटचा हप्ता ४० ऐवजी २० टक्क्यांवर आणता आला तर उत्तम. मधला एक हप्ता डिझाइन मंजूर झाल्यावर ठेवा, म्हणजे तिसरी फेरी मागायच्या आधी मंजुरीचा मेल आलेला असेल.

फोन सोमवारी सकाळीच करा. आठवा आठवडा सुरू होतोय. अजून तारखेबद्दल बोलता येतं, दहाव्या आठवड्यात फक्त उशिराबद्दल बोलावं लागेल.